‘त्याला सगळं कळतं, फक्त बोलत नाही’

बोलायला उशीर झालेल्या मुलाला घेऊन आई-बाबा येतात, तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य हमखास कानावर पडतं. ‘डॉक्टर, त्याला सगळं कळतं हो, फक्त बोलत नाही.’ हे वाक्य खरं असेल तर बरीचशी काळजी मिटते. अर्धवट खरं असेल तर उपचारांची दिशा बदलते. म्हणून विकासाच्या तपासणीतला बराच वेळ या एका वाक्याची शहानिशा करण्यात जातो.

तपासणी झाली की आम्ही रिपोर्ट देतो. त्यात मोजपट्ट्यांची नावं, महिने आणि टक्केवारी असते. समोर बसून तो समजावूनही सांगतो. पण ‘मागे आहे’ हे दोन शब्द ऐकल्यावर पुढचं फारसं कानात शिरत नाही, हा नेहमीचा अनुभव. त्यामुळे मी रिपोर्टसोबत एक पत्र देते. घरी निवांत वाचता यावं, तपासणीला न आलेल्या आजी-आजोबांनाही वाचून दाखवता यावं, यासाठी. असंच एक पत्र इथे देत आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत. मुलाचं वय तपासणीच्या वेळी २६ महिने होतं.

*

प्रिय मेधा आणि सागर,

सप्रेम नमस्कार.

ईशानची तपासणी गेल्या आठवड्यात दोन बैठकांत पूर्ण झाली. रिपोर्ट सोबत जोडला आहे. आम्हाला काय दिसलं, त्याचा अर्थ काय आणि आता काय करायचं, ते या पत्रात सविस्तर लिहिते.

मुख्य गोष्टी आधी सांगते. ईशानचं बोलणं वयाच्या मानाने स्पष्टपणे मागे आहे. त्याची समजही थोडी मागे आहे, पण बोलण्याइतकी नाही. त्याच्या दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साठलं आहे आणि त्यामुळे त्याला कमी ऐकू येतं. चालणं, चढणं, हातांची कामं आणि खेळ वयाप्रमाणे आहेत. ऑटिझमची लक्षणं आम्हाला दिसली नाहीत. कानांचे उपचार आणि स्पीच थेरपी या दोन्ही गोष्टी आत्ताच आणि एकदमच सुरू करायच्या आहेत.

आता एकेक मुद्दा घेऊ.

तुम्ही दोघांनी आणि आजींनी मिळून ईशानच्या शब्दांची यादी करून आणली, तिचा फार उपयोग झाला. तुमच्या यादीत नऊ शब्द होते. आमच्या मोजणीत ते सोळा झाले, कारण तुम्ही काही शब्द ‘बरोबर उच्चार नाही’ म्हणून सोडून दिले होते. या वयात उच्चार शुद्ध असावा अशी अट नसते. एकाच गोष्टीसाठी मूल दर वेळी तोच आवाज स्वतःहून काढत असेल, तर तो शब्द धरतात. बॉलला ‘बा’, कुत्र्याला ‘भूभू’, जेवणाला ‘मम’ हे सगळे शब्दच. आजोळी कन्नड बोलतात आणि तिथून तो पाण्यासाठी ‘नीरू’मधलं ‘नी’ शिकला आहे, तेही आम्ही मोजलं. दोन भाषांच्या घरातल्या मुलांचे शब्द दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे असतात.

दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण पन्नास शब्द असावेत आणि ‘बाबा गेले’, ‘अजून दे’ असे दोन शब्द त्याने जोडायला लागावं, अशी अपेक्षा असते. ईशान अजून दोन शब्द जोडत नाही. आरईईएलएस या मोजपट्टीवर त्याचं बोलणं १४ ते १६ महिन्यांच्या मुलाइतकं आलं.

आता समजेविषयी. ‘त्याला सगळं कळतं’ असं तुम्ही म्हणालात आणि घरात तसं दिसतं हेही खरं आहे. ‘चल, फिरायला जायचं’ म्हटलं की तो दाराशी जाऊन उभा राहतो. पण त्या वेळी मेधाच्या हातात पर्स असते, सागर चप्पल घालत असतो आणि संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. ईशान हुशार आहे. शब्द नीट ऐकू आला नाही तरी या खुणांवरून तो पुढचं ओळखतो. आम्हाला पाहायचं होतं ते खुणा काढून टाकल्यावर काय उरतं ते.

म्हणून स्पीच थेरपिस्टने हात मांडीवर ठेवले, वस्तूंकडे नजरही जाऊ दिली नाही आणि समोर मांडलेल्या बॉल, चमचा, कप, बाहुली, चप्पल, गाडी यांतलं एकेक मागितलं. सहापैकी पाच वस्तू त्याने बरोबर दिल्या. ‘बाहुलीला पाणी पाज’ म्हटल्यावर कप उचलून बाहुलीच्या तोंडाला लावला. ‘चप्पल आण आणि बाबांना दे’ म्हटल्यावर मात्र चप्पल आणली आणि तिथेच थांबला. तीच सूचना सागरकडे बोट दाखवून दिली, तेव्हा पूर्ण केली. समज २० ते २२ महिन्यांच्या पातळीवर आली. म्हणजे तुमचं वाक्य बऱ्याच अंशी खरं आहे, पूर्ण खरं नाही. हा फरक मी इतक्या तपशिलात लिहितेय, कारण ज्या मुलांची समज चांगली असते आणि जी हातवारे करून आपलं म्हणणं पोचवतात, ती नुसतं बोलणं उशिरा आलं तरी पुढे बरोबरीला येण्याची शक्यता जास्त असते. समजही खूप मागे असेल तर वाट पाहणं धोक्याचं ठरतं. ईशान या दोन्हींच्या मध्ये, पण पहिल्या बाजूला जास्त झुकलेला आहे.

ऑटिझमची भीती तुम्ही पहिल्याच भेटीत बोलून दाखवली होती. त्यासाठी तुमच्याकडून एम-चॅट ही वीस प्रश्नांची यादी भरून घेतली. तीत ईशानचे तीन गुण आले. दोनपर्यंत धोका कमी मानतात. तीन ते सात गुण आले की घाबरून निष्कर्ष काढायचा नसतो. ज्या प्रश्नांत गुण आला त्यांवरच खोलात जाऊन पुन्हा विचारायचं असतं. ते तीन प्रश्न होते: ‘मुलाला ऐकू येत नाही अशी शंका कधी आली का’, ‘नावाने हाक मारल्यावर तो प्रतिसाद देतो का’ आणि ‘खूण न करता सांगितलेलं त्याला कळतं का’. तिन्हींचा धागा कानाशी जातो, हे तुमच्याही लक्षात येईल. खोलात विचारल्यावर त्यातला एकच प्रश्न शिल्लक राहिला, ऐकू येण्याच्या शंकेचा. पुन्हा विचारल्यावर दोन किंवा जास्त प्रश्न शिल्लक राहिले असते, तर ऑटिझमची वेगळी, सविस्तर तपासणी करावी लागली असती.

पण मी केवळ या यादीवर विसंबलेली नाही. खिडकीत कावळा आला तेव्हा ईशानने बोट दाखवलं, मागे वळून मेधाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कावळ्याकडे पाहिलं. त्याला कावळा हवा नव्हता. आपण जे पाहतोय ते आईनेही पाहावं, एवढंच त्याला हवं होतं. हवी ती वस्तू मिळवण्यासाठी बोट दाखवणं आणि गंमत वाटून घेण्यासाठी दाखवणं यांत मोठा फरक आहे. ऑटिझम असलेल्या लहान मुलांमध्ये हे दुसरं बोट बहुधा उशिरा येतं किंवा दिसतच नाही. शिवाय ईशान बाहुलीला खोटं खोटं भरवतो, तुमची नक्कल करतो आणि टाळ्या वाजवल्या की कोण पाहतंय ते पाहतो.

आता कानांविषयी. ‘जन्मल्यावर कानांची तपासणी झाली होती, दोन्ही कान पास होते,’ असं तुम्ही सांगितलंत आणि कागदही दाखवलात. त्या वेळी केलेली ओएई तपासणी बरोबरच होती. पण ती त्या दिवशीचे कान कसे होते एवढंच सांगते. पहिल्या वाढदिवसानंतर ईशानला वारंवार सर्दी होते, तो तोंड उघडं ठेवून झोपतो, घोरतो आणि रात्री आडवा होऊनच दुधाची बाटली पितो. नाकाच्या मागून कानापर्यंत जाणारी नळी या वयात आखूड आणि आडवी असते. ती सुजली की पडद्यामागची हवा बदलत नाही आणि तिथे चिकट पाणी साठतं. त्यात बहुतेक वेळा दुखत नाही, ताप येत नाही, कान वाहत नाही. म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

टिम्पॅनोमेट्रीमध्ये कानात हवेचा दाब बदलून पडदा किती हलतो ते पाहतात. निरोगी कानाच्या आलेखात मधोमध एक उंचवटा येतो. ईशानच्या दोन्ही कानांचा आलेख सपाट आला. रिपोर्टमध्ये त्यालाच ‘टाइप बी’ म्हटलं आहे. झोपेचं औषध देऊन केलेल्या बेरा तपासणीत हवेतून येणारा आवाज त्याच्या कानांना साधारण ४० डेसिबलपासून पोचत होता. कानामागच्या हाडावरून दिलेला आवाज मात्र नेहमीच्या पातळीला पोचत होता. म्हणजे आतला कान आणि नस नीट आहेत, अडथळा मधल्या कानात आहे. हा अडथळा बहुतेक मुलांमध्ये जातो.

४० डेसिबलचा अर्थ व्यवहारात असा: एक मीटरवरून आपण बोलतो तो आवाज सुमारे ६० डेसिबलचा असतो, कुजबुज ३०च्या आसपास. ईशानला जवळून बोललेलं ऐकू येतं, पण बंद दाराआडून ऐकल्यासारखं. मोठे स्वर पोचतात. ‘स’, ‘फ’ यांसारखे हलके आवाज आणि शब्दांची शेपटं गळतात. शेजारच्या खोलीतून मारलेली हाक बहुधा पोचतच नाही. मिक्सर किंवा टीव्ही चालू असेल तर जवळचंही पुसट होतं. शिवाय हे पाणी कमी-जास्त होत राहतं. ‘कधी कधी तर लगेच वळून बघतो’ असं आजी म्हणतात, तेही म्हणूनच खरं आहे.

कान हेच एकमेव कारण, असं मात्र मी म्हणणार नाही. कानात असं पाणी असलेली कितीतरी मुलं वेळेवर बोलतात. ईशानच्या बाबतीत एकाहून अधिक गोष्टी एकत्र आल्या असाव्यात. सागर स्वतः तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता, आणि उशिरा बोलण्याची प्रवृत्ती घराण्यात येऊ शकते. पण ‘बाबाही उशिरा बोलला होता’ हे कारण असू शकतं, हमी असू शकत नाही. दुसरी गोष्ट जेवताना आणि आजी स्वयंपाकात असताना दाखवल्या जाणाऱ्या मोबाइलची. तुम्ही दिवसाचे अंदाजे तीन तास सांगितलेत. मोबाइलने ईशान बोलायचा थांबला असं मी म्हणत नाही. पण गाण्यातली बाई ईशानने ‘बा’ म्हटल्यावर थांबत नाही, त्याच्याकडे पाहून ‘हो, बॉल!’ म्हणत नाही. ज्या मुलाला आधीच कमी ऐकू येतं, त्याचे समोरासमोर बोलण्याचे तीन तास जाणं परवडणारं नाही.

काही गोष्टी कारणांच्या यादीतून काढूनही टाकू. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलल्यामुळे उशीर होत नाही. कुठलीही भाषा बंद करू नका. त्याची जीभ मी पाहिली, ती ओठांबाहेर नीट येते, खालचा पडदा जखडलेला नाही. तो कापून घ्यायची गरज नाही. जीभ जखडल्यामुळे क्वचित काही उच्चारांवर परिणाम होतो. शब्दच कमी येणं किंवा समज मागे राहणं, असं त्याने होत नाही. त्यामुळे जिभेवर वेखंड चोळण्याने इथे काही साधणार नाही. मेंदूचा एमआरआय किंवा ईईजी सध्या लागणार नाही. त्याला झटके आलेले नाहीत, आलेले शब्द गेलेले नाहीत, डोक्याची वाढ आणि हालचाली नीट आहेत.

रिपोर्टमधल्या एका आकड्यावर तुमची नजर अडकेल, म्हणून त्याविषयी लिहिते. डीएएसआयआय ही बडोद्यातल्या मुलांवर बेतलेली भारतीय मोजपट्टी आहे. तिच्यात हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ कृती आहेत. मुलाने केलेल्या कृतींवरून त्याचं ‘विकासाचं वय’ काढतात, त्याला खऱ्या वयाने भागतात आणि शंभरने गुणतात. ईशानचा हालचालींचा अंक ९८ आला. मानसिक विकासाचं वय २२ महिने आलं, म्हणून २२ भागिले २६ गुणिले १०० म्हणजे ८५. सत्तरच्या खाली आला तर आम्ही उशीर म्हणतो. शिवाय त्याच्या ८५मध्ये गळालेल्या कृती जवळजवळ सगळ्या भाषेच्या आहेत. ठोकळे, छिद्रांत आकार बसवणं, लपवलेली वस्तू शोधणं हे त्याने वयाप्रमाणे केलं. हा आकडा बुद्ध्यांक नव्हे. कमी ऐकणाऱ्या मुलाचा त्या दिवशीचा तो निकाल आहे.

आता पुढे काय ते.

कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी जोडली आहे. या आठवड्यात जाऊन या. असं पाणी अनेकदा तीन महिन्यांत आपोआप ओसरतं, म्हणून एरवी तेवढं थांबतात. सर्दीची औषधं किंवा अँटिबायोटिक देऊन ते लवकर जात नाही, तेव्हा बाटल्यांवर खर्च करू नका. पाणी टिकलं आणि ऐकणंही कमीच राहिलं, तर पडद्यात ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवतात. ईशानचं बोलणं आधीच मागे असल्यामुळे तज्ज्ञ पूर्ण तीन महिने न थांबताही निर्णय घेऊ शकतात. नाकामागची ॲडेनॉइडची गाठ वाढली आहे का, तेही तेच पाहतील. घरी एवढं करा: रात्रीची बाटली बंद. दूध बसून, कपाने.

स्पीच थेरपी पुढच्या सोमवारपासून, आठवड्यातून एकदा पाऊण तास. ‘आधी कान बरे होऊ देत, मग बघू’ असं करायचं नाही, कारण कान बरे झाले तरी हुकलेले महिने आपोआप भरून निघत नाहीत. मात्र थेरपिस्ट पाऊण तासात ईशानला बोलायला शिकवेल अशी अपेक्षा ठेवू नका. ती मुख्यतः तुम्हाला शिकवेल. खरं काम घरी, अंघोळ-जेवण-कपडे यांतच करायचं आहे.

सोमवारपर्यंत इतकं सुरू करा. त्याच्यासमोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला येऊन, हातभर अंतरावरून बोला. त्या वेळी टीव्ही बंद. ‘म्हण बघू, बॉल म्हण’ हे पूर्ण थांबवा. त्याने परीक्षेचं दडपण येतं आणि मूल गप्प होतं. तो जिथे पाहतोय, त्याविषयी तुम्ही बोला. तो एक शब्द म्हणाला तर तुम्ही त्यात एक वाढवून परत द्या. तो ‘गाई’ म्हणाला तर ‘गाई आली’. ‘अरे वा, बघ किती मोठी पांढरी गाय आली रस्त्यावरून’ इतकं नको. दोन गोष्टी हातात धरून ‘केळं की बिस्किट?’ असं विचारा आणि मनात दहापर्यंत मोजत थांबा. हे थांबणं सगळ्यांत अवघड जातं. आजींना तर जास्तच, कारण ईशानने नुसतं पाहिलं तरी त्यांना त्याला काय हवं ते कळतं आणि हातात मिळतं. त्याला मागण्याची गरजच पडत नाही. आजींना सांगा, प्रेम तेवढंच राहू दे, फक्त दहा आकडे उशिरा. तो बोटाने किंवा आवाजाने मागेल तेव्हाही लगेच द्या, शब्दासाठी अडवून ठेवू नका. देताना मात्र तो शब्द तुम्ही म्हणा.

जेवताना मोबाइल बंद करा. पहिले चार-पाच दिवस तो जेवणार नाही, रडेल. त्यानंतर बहुतेक मुलं जेवतात. पुण्याच्या आजोबांशी व्हिडिओ कॉल चालेल, कारण ते उत्तर देतात.

तीन महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, कानांची तपासणी पुन्हा करू. सहा महिन्यांनी, फेब्रुवारीत, तो ३२ महिन्यांचा असेल तेव्हा भाषेची तपासणी पुन्हा. डीएएसआयआय ३० महिन्यांपर्यंतच चालते, म्हणून तो आकडा पुढच्या रिपोर्टमध्ये दिसणार नाही. आरईईएलएस तीच राहील, तिची तुलना करता येईल. तोपर्यंत पन्नास शब्द आणि दोन शब्दांच्या जोड्या आल्या, समज वयाला पोचली, तर आपण योग्य रस्त्यावर आहोत. कान मोकळे झाले आणि तरी समज जागच्या जागी राहिली, तर माझं आजचं मत मला बदलावं लागेल आणि आपण पुन्हा मुळापासून शोधू.

पुढीलपैकी काही दिसलं तर तारखेची वाट न पाहता या: येत असलेले शब्द म्हणायचे बंद झाले, बोट दाखवणं किंवा नजरेला नजर देणं कमी झालं, झटका आला, कान दुखला किंवा वाहू लागला.

वहीत रोज नाही, पण आठवड्यातून एकदा नवे शब्द लिहीत चला. दोन्ही भाषांतले, बोबडे असले तरी.

तुमची,
डॉक्टर

*

सहा महिन्यांनंतरचा हिशेब

नोव्हेंबरमध्ये ईशानचा उजवा कान मोकळा झाला होता. डाव्या कानाचा आलेख सपाट राहिला नव्हता, पण त्याचा उंचवटा अजून एका बाजूला सरकलेला होता. याचा अर्थ पाणी ओसरत होतं, पण आतला दाब अजून कमी होता. एक कान मोकळा झाल्याने ऐकणं बरंच सुधारलं, म्हणून तज्ज्ञांनी ग्रोमेट पुढे ढकललं. फेब्रुवारीत दोन्ही कान नीट होते आणि ग्रोमेटची गरज उरली नाही.

त्या दिवशीच्या वहीत सत्तरच्या वर शब्द होते. ‘बाबा गेले’, ‘अजून दे’, ‘नको झोप’ अशा जोड्या होत्या. समज ३० ते ३२ महिन्यांची, म्हणजे वयाबरोबर. बोलणं २४ ते २६ महिन्यांचं. सहा महिन्यांत तो बोलण्यात सुमारे दहा महिने पुढे सरकला होता. वेग चांगला होता, तरी बोलणं अजून सहा ते आठ महिने मागे होतं. म्हणून थेरपी थांबवली नाही. आई-बाबांना पहिला मोह होतो तो इथे, मूल बोलायला लागलं की सोमवार चुकवण्याचा. उशिरा बोलणाऱ्या काही मुलांना शब्द येतात, पण पुढे वाक्यरचना आणि गोष्ट सांगणं जड जातं. ते चौथ्या-पाचव्या वर्षी शाळेत दिसतं. म्हणून अशा मुलांची एक तपासणी शाळाप्रवेशाच्या आधी ठेवायची असते.

पत्र वेगळं कधी झालं असतं

२६ महिन्यांची, सोळाच शब्द असलेली आणखी दोन मुलं घ्या. शब्दांची संख्या अगदी सारखी, पत्रं मात्र पूर्ण वेगळी.

पहिल्या मुलाचा टिम्पॅनोमेट्रीचा आलेख नीट आहे, पण बेरामध्ये हवेतून आणि हाडातून दिलेला आवाज सारख्याच वरच्या पातळीला पोचतो. याचा अर्थ दोष आतल्या कानात किंवा नसेत आहे. इथे तीन महिने थांबण्याचा प्रश्नच नाही. ऐकणं किती कमी आहे ते ठरलं की लगेच श्रवणयंत्र, आणि दोष तीव्र असेल तर कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार. इथे गेलेला प्रत्येक महिना भाषेला महाग पडतो.

दुसऱ्या मुलाचे कान उत्तम आहेत. तो आकडे आणि रंग इंग्रजीत घडाघडा म्हणतो. पण हवं ते मिळवायला आईचा हात धरून फ्रिजपर्यंत नेतो, बोट दाखवत नाही, कावळा आला तरी आईकडे वळून पाहत नाही. त्याची शब्दसंख्या ईशानपेक्षा जास्त निघाली असती, तरी मला काळजी त्याचीच जास्त वाटली असती. त्याच्या पत्रात ऑटिझमच्या सविस्तर तपासणीची तारीख असती. तिच्या निकालाची वाट न पाहता थेरपी सुरू करा, असंही लिहिलं असतं. त्या थेरपीत शब्द शिकवण्याआधी नजर, नक्कल आणि आळीपाळीचा खेळ येतो.

म्हणून मुलाचा रिपोर्ट हातात आला की तीन गोष्टी शोधाव्यात. कानांची तपासणी आत्ता झाली आहे का, की जन्मावेळच्या कागदावर भागवलं आहे? समज आणि बोलणं वेगवेगळं मोजलं आहे का, आणि समज मोजताना खुणा टाळल्या होत्या का? पुढच्या तपासणीची तारीख आणि तोपर्यंत काय दिसायला हवं, ते लिहिलं आहे का? यातलं काही नसेल तर ते मागून घ्यावं. खासगी तपासणी परवडत नसेल, तर २०१३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत ‘डीईआयसी’ म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. तिथे ही सेवा मोफत असते आणि अंगणवाडीला भेट देणारं आरोग्य पथक मुलाला तिथे पाठवू शकतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. श्रवण आणि वाचा यांच्याच कामासाठी ती १९८३मध्ये सुरू झाली. जाताना शब्दांची वही आणि मूल घरी खेळत असतानाचा, त्याला कळू न देता काढलेला पाच मिनिटांचा व्हिडिओ घेऊन जावं. अनोळखी खोलीत गप्प बसणाऱ्या मुलाविषयी त्यातून तपासणाऱ्याला बरंच कळतं.